जळालेला दोर परत पिशवीत: प्रॉम्प्टमधले नियम वाढवायचे की दर खेळीला नोंद ठेवायची?

गडवाट: मी एआयला गेममास्टर करून एका काल्पनिक गडावरचा साहसखेळ खेळतो. प्रॉम्प्टमध्ये पानभर नियम आहेत: सामान मोजकंच, जादू नाही, पहारेकरी लंगडा. तरी सातव्या खेळीत जळालेला दोर विसाव्या खेळीत माझ्या पिशवीत निघाला आणि पहारेकरी जिना धावत चढला. ‘काहीही विसरू नकोस’ असं लिहूनही फरक पडत नाही. नियम अजून कडक करू का?

ओवी_ता: नको. मॉडेलपाशी वहीसारखी वेगळी नोंद नसते, ते दर वेळी आतापर्यंतचा मजकूर घेऊन पुढचं लिहितं. तुमच्या गोष्टीत दोराचा उल्लेख सहा खेळ्या होत राहिला आणि तो जळाल्याचं वाक्य एकदाच आलं. समोर कडा आला की दोर सुचणारच. म्हणून प्रत्येक उत्तराच्या शेवटी नोंद नव्याने लिहून घ्या आणि पुढची खेळी तिच्याच आधाराने चालेल, असं प्रॉम्प्टमध्ये सांगा:

```
[स्थिती, खेळी ८]
जागा: पाण्याचं टाकं
जवळ: चाकू, मशाल (३ खेळ्या पुरेल)
गेलं: दोर (खेळी ७ मध्ये जळाला)
पक्कं: पहारेकरी लंगडा, धावू शकत नाही
```

‘गेलं’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. नुसतं यादीतून नाव काढलं तर मॉडेल ते सहज परत घालतं. कारणासकट गेल्याची नोंद असली की बहुतेक वेळा थांबतं.

सह्यपुत्र: एवढं कशाला? मोठ्या संदर्भाचं, म्हणजे एका वेळी जास्त मजकूर समोर ठेवणारं मॉडेल घ्या. जुना मजकूर बाहेर पडतो म्हणून हे होतं.

ओवी_ता: शेकडो खेळ्यांच्या खेळात तुमचं म्हणणं लागू पडतं. २०१९ मध्ये एआय डंजन हा असाच साहसखेळ जीपीटी-२ या जुन्या मॉडेलवर चालायचा, त्याची मर्यादा १०२४ टोकनची, म्हणजे तेवढ्याच शब्द-तुकड्यांची, तिथे सुरुवात खरंच गळून पडायची. पण वीस खेळ्या आजच्या मॉडेलमध्ये आरामात मावतात. दोर जळाल्याचं वाक्य समोर असूनही ते डावललं गेलं. नुसती जागा वाढवून हे सुटत नाही.

फासेवाली: आमच्या गटात गेममास्टर पडद्याआड कागद ठेवतो, सामान ज्याचं त्याने लिहायचं. कधी वाद झाला नाही. तुमचा गेममास्टर नवखा आहे का?

गडवाट: ताई, माझा गेममास्टर माणूस नाही, एआय आहे. पण पडद्याचं बरं आठवलंत. दारामागे कोण आहे हे नोंदीत लिहिलं तर मलाच दिसेल ना?

ओवी_ता: दिसेल. आणि कुठेच लिहिलं नाही तर ते ठरलेलंच नसतं, तुम्ही दार उघडाल तेव्हा मॉडेल ठरवेल. मी रहस्यं मैत्रिणीकडून प्रॉम्प्टमध्ये लिहून घेते आणि तो भाग वाचत नाही. एकट्याने खेळणाऱ्यासाठी याहून चांगली सोय मला सापडलेली नाही.

कोडकर: माझा या पद्धतीलाच विरोध आहे. जे चुकतं त्याच्याच हाती हिशेब का द्यायचा? ‘३ खेळ्या’चं पुढच्या वेळी पुन्हा ३ च राहतं, मी पाहिलंय. १९७७ च्या झॉर्क या मजकुरावर चालणाऱ्या संगणक-खेळात दिव्याची बॅटरी प्रोग्राम मोजायचा, म्हणून ती चुकत नव्हती. सामान, वेळ, फासे कोडमध्ये ठेवा, मॉडेलला फक्त वर्णन करू द्या.

ओवी_ता: आकड्यांबाबत मान्य. फासे तर मॉडेलला टाकूच देऊ नयेत, ते गोष्टीला शोभेल तो आकडा देतं. खरा फासा टाकून आकडा आपण सांगावा. पण खेळाडू पागोटं फाडून त्याची दोरी वळायला लागला तर तुमचा कोड काय करेल? ती क्रिया आधी कोणी लिहिलेली नसते. अशी मोकळीक मिळते म्हणूनच मी झॉर्क सोडून इकडे आले.

कोडकर: मॉडेल ‘पागोटं गेलं, दोरी आली’ असा बदल सुचवेल आणि पागोटं खरंच जवळ आहे का ते कोड तपासेल.

ओवी_ता: पागोटं अंगावर आहे हे कोडला आधी कोणी सांगितलं? सुरुवातीच्या यादीत ते नसतंच.

गडवाट: मला कोड येत नाही, म्हणून नोंद लावून पाहिली. दोर आला नाही. पण मी ‘खिशातली किल्ली काढतो’ म्हटलं, तर नसलेली किल्ली त्याने निमूट दिली!

ओवी_ता: मॉडेल खेळाडूच्या शब्दाला मान देतं. प्रॉम्प्टमध्ये घाला: ‘खेळाडू फक्त प्रयत्न सांगतो, निकाल तू ठरवतोस. वस्तू “जवळ” मध्ये नसेल तर प्रयत्न फसतो, आणि तो कसा फसला ते गोष्टीतच सांग.’ खाली नमुनाही द्या: ‘तू खिसा चाचपतोस. आत चुन्याची डबी तेवढी लागते.’ असा एक नमुना दहा नियमांपेक्षा जास्त काम करतो.

सह्यपुत्र: चुन्याची डबी पण नोंदीत नव्हती की!

ओवी_ता: बरोबर पकडलंत. मग ‘खिसा रिकामा लागतो’ असा नमुना द्या. आणि गडवाट, चूक दिसली की मॉडेलशी वाद घालू नका. ते माफी मागतं, पण किल्लीचा परिच्छेद मजकुरात तसाच राहतो आणि पुढे त्याचाच आधार घेतला जातो. मागे जाऊन ते उत्तर खोडा किंवा नव्याने लिहून घ्या, मगच पुढची खेळी करा.

कोडकर: म्हणजे दर खेळीला नोंद माणसानेच तपासायची. ते काम कोडचं आहे, या मतावर मी ठाम आहे.