अहवालात सबस्क्रिप्ट-इटॅलिक्स: गरज की नुसता सोस?

नदीकाठची: नदीच्या पाण्याचा तपासणी अहवाल लिहितेय. सर म्हणतात, NO3, 10^4 असं साधंच टाईप कर, सजावटीत वेळ घालवू नकोस. तुमचं मत?

जुनी_लॅबवाली: सजावट कसली! समजा फीकल कोलिफॉर्म 2.4 × 10⁴ MPN/100 mL आले, म्हणजे २४,०००. वर्डमधून नुसता मजकूर ई-मेलात पेस्ट केला की सुपरस्क्रिप्ट गळतं आणि उरतं 2.4 × 104, म्हणजे साधारण २५०. आंघोळीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कमाल मर्यादा २,५०० आहे. नापास पाणी कागदावर पास झालं, आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. सरांचं 10^4 दिसायला ओबडधोबड, पण निदान चुकीचा आकडा तरी दाखवत नाही.

युनिकोडप्रेमी: मग ⁴ आणि ₃ ही युनिकोडची तयार चिन्हं वापरा, पेस्टमध्ये टिकतात. विषय संपला. जीवाणूंची नावं सगळी तिरपी, coliform सकट.

जुनी_लॅबवाली: टिकतात हे खरं. पण फाइलमध्ये NO₃ असेल आणि तुम्ही NO3 शोधलंत, तर बऱ्याच ठिकाणी ते सापडत नाही. काही फॉन्टांत चौकोनही दिसतात. आणि coliform सरळच लिहायचं, तो जीवाणूंचा गट आहे, प्रजाती नव्हे. *E. coli* तिरपं. *Salmonella* spp. मध्येसुद्धा spp. सरळ.

बागायतदार: माझ्या विहिरीचं नायट्रेट १२ मिग्रॅ/लिटर आलंय. मर्यादा ४५ ना? मग प्यायला हरकत नाही?

रसायनवाला: दादा, धागा वेगळा आहे, पण तुमचं उत्तर नेमकं इथंच अडतंय. ४५ ही मर्यादा NO₃⁻ साठी आहे. तुमचे १२ त्यातले असतील तर काळजी नाही. NO₃-N असेल, म्हणजे फक्त त्यातल्या नायट्रोजनचं वजन मोजलं असेल, तर ४.४३ ने गुणा. ५३ होतात, मर्यादेबाहेर. साधं टाईप केलं की NO3- आणि NO3-N यांत शेवटच्या N चाच काय तो फरक. तक्त्याच्या अरुंद रकान्यात तो N खालच्या ओळीत जातो आणि वाचणारा पहिल्या ओळीवर थांबतो. वर्डमध्ये Ctrl+Shift+Hyphen दाबून जोडरेघ दिली तर ओळ तिथं तुटत नाही.

बागायतदार: माझ्याकडे नुसतं Nitrate छापलंय.

रसायनवाला: मग लॅबला विचारून घ्या. तोवर तान्ह्या बाळाला ते पाणी देऊ नका.

युनिकोडप्रेमी: बरं, 5mg मध्ये जागा सोडली नाही तर काय बिघडतं?

जुनी_लॅबवाली: नियम 5 mg असाच आहे, पण त्यावरून मी कुणाचा अहवाल परत पाठवणार नाही. mg चं Mg झालं तर मात्र पाठवीन.

नदीकाठची: मग तक्त्यात सरळ 24000 लिहिलं तर?

रसायनवाला: मला नाही पटत. MPN हा अंदाज असतो, त्यात दोनच अंक भरवशाचे. पाच अंक पाहून लोक नेमकी मोजणी समजतात.

जुनी_लॅबवाली: समजू देत. 104 वाचण्यापेक्षा ते परवडलं.