मदत हवी आहे: बुजऱ्या नायिकेचं गाणं शेवटी फसतंय

आमच्या संगीत एकांकिकेतली सुमन नाटकमंडळीचे कपडे शिवते. विचारलं की एकच उत्तर, "मला काही नको." तेच ध्रुवपद केलंय. पहिल्या दोन वेळी ती ते मध्य सप्तकात, सुईत दोरा ओवता ओवता पुटपुटते. तिसऱ्यांदा "मला..." वर अडते आणि म्हणते, "मला हा शालू नेसून उजेडात उभं राहायचंय."

इथे चाल तार गंधारावर नेली. मुलगी काळी चारमध्ये गाते, तिथे आवाज चिरकतो आणि "उजेडात" ऐकूच येत नाही. पट्टी उतरवली तर सुरुवातीचं पुटपुटणं खर्जात बुडतं. (माईक एकच, तोही लटकता!)

पेटी-तबला थांबवून ती ओळ नुसती बोलून घ्यावी, की तार षड्जावरच ठेवावी? कुणी करून पाहिलंय?