जिनिंगच्या कामात पुढं सरकणं थांबलं हे कधी कळलं, आणि मग काय केलं? आपापले अनुभव सांगा

चर्चेचा धागा काढणारा, आयटीआय निदेशक, वर्धा जिल्हा

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली, जिनिंग सुरू झाल्या, की आठ-दहा वर्षांपूर्वी पास झालेली माझी पोरं भेटायला येतात आणि बोलणं दरवर्षी एकाच जागी येऊन थांबते, "सर, काम आहे, पण पुढं काही नाही." कोणी फिटर, कोणी इलेक्ट्रिशियन. आपल्याला वाढ थांबली हे नेमकं कशावरून कळलं ते लिहा, आणि मग बाजूच्या कामात गेले, काही नवीन शिकले, की लाइनच सोडली, तेही लिहा. पैशाचंही सांगा, पोरं पहिले तेच विचारतात.

जिन फिटर, आता क्वालिटीत, हिंगणघाट भाग

सर, मी अकरा सीझन डबल रोलर जिनवर काढले. रोलरवर ग्रूव्हिंग करायचं, चाकू सेट करायचे, रोलर झिजून बारीक झाला की बदलायचा, दाब जास्त झाला तर रोलर तापते, रुईला जळका वास येते, तो वास मी मशीनच्या दहा फुटावरून ओळखायचो. यात मला अभिमान होता आणि अजूनही आहे. पण आठव्या सीझननंतर काय झालं, मी ज्या पोट्ट्याला शिकवलं त्याचा पगार माझ्यापेक्षा फक्त पंधराशेनं कमी होता. तेव्हा मी एका वहीत लिहायला बसलो की मागच्या तीन सीझनमध्ये आपण नवीन काय शिकलो, आणि पान कोरं राहिलं. मला तिथं कळलं.

पहिली चूक अशी केली की मला वाटलं मालकच वाईट आहे. दुसऱ्या जिनिंगमध्ये दोन हजार जास्तीवर गेलो. तेच जिन, तेच रोलर, तेच चाकू. गेट बदललं, काम नाही. एका वर्षात परत तिथंच आलो. बाजूला सरकायचं असेल तर काम बदललं पाहिजे, पत्ता नाही.

मग जुन्या मालकाला म्हटलं, मला आवकेवर उभं करा. म्हणजे कापूस येते तिथं ओलावा, कचरा, धागा पाहायचा. पहिल्या सीझनला ओव्हरटाइम गेला, महिन्याला तीन हजार कमी पडले, घरी बोलणी खाल्ली. पण मालकाला माझी किंमत कुठं कळली ते सांगतो. एक गाडी आली, 20 क्विंटल, भाव 7,000. वरून मीटर लावला तर 9 टक्के. मी हात कोपरापर्यंत घातला, आतला कापूस थंड लागला, तळातून पाच ठिकाणी मीटर लावला तर 14 च्या आसपास. पाच टक्के म्हणजे 20 क्विंटलमध्ये एक क्विंटल पाणी, म्हणजे एका गाडीत 7,000 रुपये. शिवाय ओला कापूस जिनमध्ये गुंडाळते, रुईत गाठी पडतात, तो तोटा वेगळा. फिटर असल्यामुळं मला दोन्ही टोकं दिसत होती, आत काय गेलं आणि मशीनवर त्याचं काय होईल.

हे काम मनाला सोपं नाही हेही लिहितो. ओला कापूस आणणारा माझ्याच गावचा असते. सीसीआयच्या केंद्रावरही 8 टक्क्यांच्या वर कपात आणि 12 च्या वर परत, हे त्याला आधीच सांगायचं, दोन दिवस वाळवून आण म्हणायचं. मी तेच सांगतो.

नंतर नागपूरला सिरकॉट या सरकारी कापूस संशोधन संस्थेचं जिनिंग ट्रेनिंग सेंटर आहे, तिथं शिकून आलो. आता सीझनला फिटरपेक्षा सात हजार जास्त आहेत. उन्हाळ्यात मेंटेनन्सलाही मलाच ठेवतात, ते बारमाही झालं हे पगाराहून मोठं.

इलेक्ट्रिशियन, वणीकडचा

भाऊ, एवढं कायले फिरायचं? आयटीआयवाल्याले डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षात ॲडमिशन भेटते. दोन वर्षं काढली की इंजिनियर, पगार आपोआप वाढते. मी पुढच्या वर्षी भरून राहिलो, नोकरी करत करत.

धागा काढणारा

ॲडमिशनचं बरोबर आहे, दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असेल तर थेट दुसऱ्या वर्षात बसता येते. पण ते दिवसभराचं कॉलेज आहे, हजेरी लागते, आणि तुझा सीझन नेमका त्याच महिन्यांत येतो. माझी दोन मुलं गणितात अडकली, एकानं सोडलं. आधी तुझ्या मिलमध्ये डिप्लोमावाल्यासाठी जागा आहे का ते विचार. एकच सुपरवायझर असेल आणि तो पन्नाशीच्या आत असेल, तर तुझा कागद बाहेरच्या मिलसाठीच कामाचा.

ग्रामसेवक, यवतमाळ जिल्हा

आमच्याकडं 10, 20, 30 वर्षांच्या सेवेवर आश्वासित प्रगती योजना आहे, प्रमोशन नाही मिळालं तरी वरची वेतनश्रेणी मिळते. जिनिंगवाल्यांनी युनियन करून तशी मागणी करावी.

जिन फिटर

साहेब, तुमचं चांगलं आहे, पण ते पगाराचं झालं. आम्ही कामाचं बोलून राहिलो. आमच्यात निम्मे लोक एप्रिलनंतर घरीच असतात, तिथं दहा वर्षं सलग मोजणार कोण?

सोलर पंपवाला, आधी जिनिंगमध्ये पॅनल पाहायचो, आर्णी भाग

मी लाइनच सोडली. मागेल त्याला सौर कृषी पंपाचं काम जोरात होतं तेव्हा ठेकेदाराकडं लागलो. फाउंडेशन, स्ट्रक्चर, पॅनल, कंट्रोलर, पंप विहिरीत सोडायचा, अर्थिंग, मग फोटो अपलोड. सेटमागं पैसे. वायरिंगची जाण असल्यामुळं आठ दिवसांत हातात आलं, पहिले सहा महिने मिलच्या दीडपट कमावले.

पण हे लिहिलंच पाहिजे, शेवटचे तीस टक्के पैसे तपासणीनंतर म्हणून त्यानं अडवले आणि माझे अकरा सेट अजून बाकी आहेत. काम टार्गेटवर चालते, टार्गेट संपलं की दोन-दोन महिने फोन नाही. आता मी दुरुस्तीकडं वळलो. पाच वर्षांची देखभाल कंपनीवर आहे, पण शेतकऱ्याला हरभऱ्याला पाणी आज पाहिजे असते. वॉरंटीत कंट्रोलर मी खोलत नाही, खोलला तर शेतकऱ्याची वॉरंटी जाते. अर्थिंग, केबलचा जॉइंट, पॅनलवरची धूळ, एवढं पाहतो आणि बाकीची तक्रार त्याच्या मोबाइलवरून टाकून देतो. परत मिलमध्ये जाईन का, विचाराल तर आज उत्तर नाही. बायको जा म्हणते.

काट्यावर बसणारी, बीकॉम, वर्धा जिल्हा

मी सहा वर्षांपासून वजनकाट्यावर आणि टॅलीवर आहे. सगळ्या गाड्यांचं वजन, भाव, कपात माझ्याच हातून जाते, पण ढिगावर मला कोणी उभं करत नाही, तिथं बाईचं काय काम म्हणतात. मालक म्हणतात टॅलीचा पुढचा कोर्स कर. मला तो नको. फिटर दादा, टेक्निकल शिकलेली नसताना आवकेवरचं काम जमेल का?

जिन फिटर

ताई, मशीनची बाजू तुम्हाला वेळ घेईल, पण तुमच्याकडं जे आहे ते माझ्याकडं नव्हतं. गठाणीचे लॅब रिपोर्ट ऑफिसातच येतात ना, ते काढा. लांबी, मायक्रोनेर म्हणजे धागा किती जाड आणि पिकलेला आहे त्याचा आकडा, कचरा, आणि शेजारी त्या आठवड्यात कोणत्या गावच्या गाड्या होत्या ते लिहा. मायक्रोनेर 3.5 च्या खाली गेला तर कापूस कच्चा फुटला किंवा शेवटच्या वेचणीचा आला असं समजा. आणि रोज क्विंटलमागं रुई किती निघाली ते मांडा. 500 क्विंटलच्या दिवशी क्विंटलमागं एक किलो रुई कमी निघाली, तर 500 किलो, म्हणजे जवळपास तीन गठाणी. दोन महिन्यांचा असा कागद मालकासमोर ठेवा. ढिगावर उभं करतील का, ते मात्र मी सांगू शकत नाही, तो मालक मी पाहिलेला नाही.

काट्यावर बसणारी

रिपोर्ट फाइलमध्ये पडूनच असतात, कोणी उघडत नाही. डिसेंबरपासूनचे सगळे आज काढले. मायक्रोनेर तीन ठिकाणी 3.3 आहे, तिन्ही गाड्या एकाच बाजूच्या गावांच्या निघाल्या.