प्रतिसाद: चौथ्या स्थानातला मंगळ

>> "मुलीच्या पत्रिकेत चौथ्या स्थानी मंगळ आहे म्हणून स्थळं परत जातात. चौथं तर घराचं स्थान, त्याचा लग्नाशी काय संबंध?"

संबंध दृष्टीचा आहे. मंगळाला चौथी, सातवी आणि आठवी अशा तीन दृष्टी मानतात. चौथ्यात बसलेला मंगळ चौथ्या दृष्टीने सप्तमस्थान, म्हणजे जोडीदाराचं स्थान पाहतो. पहिल्यातून सातवी आणि बाराव्यातून आठवी दृष्टीही तिथेच पडते. सातव्यात तो स्वतः असतो आणि आठवं हे मांगल्यस्थान, म्हणून 1, 4, 7, 8, 12 ही पाच स्थानं धरतात. बारापैकी पाच म्हटल्यावर मंगळाच्या पत्रिका किती निघतील बघा! दक्षिणेत दुसरं स्थानही मोजतात.

पण नुसतं स्थान सांगून कुणी नकार देत असेल तर रास विचारा. माझ्या भाचीचं सिंह लग्न, चौथ्यात वृश्चिकेचा मंगळ. दोन ठिकाणांहून 'कडक मंगळ' म्हणून नकार आला आणि बहीण अगदी खचली होती. वृश्चिक ही मंगळाची स्वतःची रास, तिथे चौथ्यात दोष धरत नाहीत. तसंच लग्नी मेष, सातव्यात मकर, आठव्यात कर्क आणि बाराव्यात धनू असेल तरी अपवाद सांगितला आहे. सप्तमावर गुरूची दृष्टी असली किंवा मुलाच्याही पत्रिकेत मंगळ असला तरी बहुतेक ज्योतिषी दोष सोडतात.

आधी जन्मवेळ मात्र दवाखान्याच्या कागदावरून तपासा. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. भाचीचं लग्न कर्क निघालं असतं तर तोच मंगळ पाचव्यात गेला असता.