मदत हवी आहे: आजोबांच्या घड्याळाची गोष्ट

जळगावजवळच्या अंगणवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी गोष्ट लिहितेय. कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजताहेत, नातू सारखा विचारतो, "झालं का?" आजोबा चावीचं जुनं घड्याळ त्याच्या हातात देतात: "मोठा काटा तीनवरून सहावर येऊ दे." या वयात घड्याळ वाचता येत नाही, पण काटा पुढच्या आकड्यावर आलेला कळतो. चारवर साल काळी पडते, पाचवर वांगं मऊ होतं, सहावर देठापाशीही काडी सहज शिरते.

अडतेय ते चावीपाशी. नातू घाईत ती घट्ट होऊनही पिळू पाहतो, आजोबा हात धरतात. हा प्रसंग चारच्या आधी घ्यावा की पाचनंतर? शेवटी आजोबांनी उपदेश करायला नकोय. आणि संवाद अहिराणीत ठेवले तर मुलांना जास्त जवळचे वाटतील का?