लॉट साइझिंगचा सराव: लॉट फॉर लॉट, ठरावीक मुदत की ठरावीक नग?

धागाकर्ती (तृतीय वर्ष, प्रॉडक्शन इंजिनिअरिंग, सोलापूर)

उत्पादन नियोजनाच्या तासाला आम्हाला टेरी टॉवेलसाठी लागणाऱ्या एका शेडच्या रंगीत सुताचा सराव दिला आहे. आठ आठवड्यांची निव्वळ गरज किलोमध्ये अशी: ४०, ६०, ०, १५०, २०, ०, ११०, ७०. रंगणीचा दर खेपेचा सेटअप ६०० रुपये आणि आठवड्याअखेर शिल्लक राहिलेल्या प्रत्येक किलोमागे साठवणखर्च ३ रुपये. लॉट फॉर लॉटने, म्हणजे ज्या आठवड्याची गरज त्याच आठवड्यात तेवढीच रंगवून, माझे ३,६०० रुपये आले, दर दोन आठवड्यांची गरज एकदम रंगवण्याच्या ठरावीक मुदतीने ३,२४० आणि दर खेपेला दीडशे किलोच रंगवण्याच्या ठरावीक नगाने २,९७०. म्हणून मी ठरावीक नग सर्वोत्तम असे लिहिले, परंतु सरांनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले आहे. माझे कुठे चुकले?

माग_अक्कलकोट_रोड

आपली आकडेमोड मी तपासलेली नाही, पण उत्तर मात्र चुकले आहे असे ठामपणे सांगतो. आमच्याकडे चोवीस माग आहेत आणि वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, की गोदामात पडलेले रंगीत सूत म्हणजे कुलपात ठेवलेला पैसा असतो. ज्या आठवड्याला जेवढे लागेल तेवढेच रंगवावे, म्हणजे शिल्लक शून्य आणि डोक्याला ताप शून्य. राहिला तो ६०० रुपयांचा सेटअप. रंगणीतल्या माणसांचा पगार खेपा तीन केल्या तरी तेवढाच आणि सहा केल्या तरी तेवढाच, मग हे ६०० रुपये खिशातून जातात कुठे? पुस्तकातला हा खर्च कारखान्याच्या वहीत मला कधी सापडला नाही.

जुना_नियोजक

धागाकर्ती ताई, आपल्या तिन्ही बेरजा बरोबर आहेत. घोळ मधल्या नियमात आहे, आणि तो एकाच जागी नसून दोन जागी आहे.

पहिला घोळ मुदतीचा. दीडशेचा आकडा आपण बहुधा किफायतशीर नगाच्या सूत्राने, म्हणजे सरासरी गरजेची दुप्पट गुणिले सेटअप भागिले साठवणखर्च याच्या वर्गमुळाने, काढला असणार. आठ आठवड्यांची एकूण गरज ४५० किलो, म्हणजे आठवड्याला सरासरी ५६.२५, आणि त्यावरून दीडशे अगदी नेमके येतात. आता हेच दीडशे किलो सरासरीने किती आठवडे पुरतील, तर २.६७. जवळचा पूर्णांक तीन आहे, आपण मात्र दशांश छाटून दोन घेतले. मुळात सराव देणाऱ्याने हे आकडे मुद्दाम बेतलेले दिसतात, कारण वर्गमूळ इतके सरळ सहसा सुटत नाही.

दुसरा घोळ अधिक शिकण्यासारखा आहे. आपण आठवड्यांच्या जोड्या पंचांगाप्रमाणे पाडल्या: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा, सातवा-आठवा. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात, ज्यात गरज शून्य आहे, आपण चौथ्याचे दीडशे किलो रंगवून ठेवले आणि त्यांचा आठवडाभराचा साठवणखर्च ४५० रुपये विनाकारण सोसला. वर पाचव्यात नुसत्या वीस किलोसाठी वेगळी खेप लावली. मुदत मोजायची ती खऱ्या गरजेच्या पहिल्या आठवड्यापासून. समोर शून्य आले तर थांबायचे, आणि गरज जिथे सुरू होईल तिथून पुढचे आठवडे मोजायचे. असे केल्यास दोन आठवड्यांची मुदत घेऊनही खेपा फक्त पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आठवड्यात येतात, अनुक्रमे १००, १७० आणि १८० किलोच्या. सेटअपचे १,८०० आणि साठवणुकीचे ४५० मिळून खर्च २,२५० रुपये होतो. तीन आठवड्यांची मुदत घेतली तरी हेच तीन लॉट येतात. म्हणजे आपण मुदत बरोबर घेतली असती तर मोजणीची चूक झाकली गेली असती, आणि मोजणी बरोबर केली असती तर मुदतीची.

शेंगाचटणी_घरगुती

मी चटणीचा छोटा व्यवसाय करते, त्यामुळे हा विषय जवळचा वाटला. घाऊक व्यापारी शेंगदाणे पूर्ण पोत्यानेच देतो, अर्धे पोते मागितले तर दर वाढवतो, म्हणून मलाही ठरावीक नगच घ्यावा लागतो. परंतु कांडप मात्र मी मागणीप्रमाणेच करते, कारण कुटलेली चटणी पंधरवड्यानंतर तेल सोडते आणि चव उतरते. तेव्हा या प्रश्नात सूत किती दिवस टिकते हे आधी विचारायला हवे, असे मला वाटते.

जुना_नियोजक

ताई, पोत्याची गोष्ट खरेदीची झाली आणि इथला प्रश्न रंगणीचा आहे. तरी एकाच घरात कच्च्या मालाला एक नियम आणि तयार मालाला दुसरा लागतो, हे आपले निरीक्षण खरे आहे. रंगलेले सूत महिना-दोन महिन्यांत खराब होत नाही, म्हणून या सरावात टिकाऊपणाचा मुद्दा येत नाही.

अक्कलकोट रोडच्या साहेबांना एवढेच सांगतो, की खेप बदलताना यंत्र धुण्याचे पाणी, ते सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च, शेड जुळवण्यात वाया गेलेले नमुने आणि तेवढा वेळ रिकामे राहिलेले यंत्र हे सारे पगाराबाहेरचे आहे. तरीही आपल्या म्हणण्यात अर्धे सत्य आहेच. सेटअपचा खरा खर्च दीडशे रुपयांच्या खाली असेल, तर या तीन खेपांच्या योजनेपेक्षा आपल्या सहा खेपा स्वस्त पडतात. तेव्हा वाद नियमाचा कमी आणि त्या ६०० रुपयांचा अधिक आहे.

माग_अक्कलकोट_रोड

मग माझा सेटअप दीडशेच्या खालीच आहे असे धरा. रंगणीचे यंत्र आठवड्यातून दोन दिवस बंदच असते, त्याच्या रिकाम्या वेळाची किंमत मी कशाला लावू?

चीज_डाइंग

मी रंगणीत काम करतो, म्हणून या वादात जे कोणी बोलले नाही ते सांगतो. कागदावर किलो म्हणजे किलो असतो, परंतु रंगणीत प्रत्येक खेपेचा किलो वेगळा असतो. कृती तीच, रंग त्याच डब्यातला, मास्टरही तोच, तरी दोन खेपांच्या शेडमध्ये बारीक फरक राहतो. ट्यूबलाइटखाली दोन्ही चीज, म्हणजे रंगणीसाठी गुंडाळलेल्या सुताच्या गुंडाळ्या, जुळतात आणि बाहेर उन्हात नेली की वेगळी दिसतात. मागावर विणता विणता बाण्याचे सूत एका लॉटवरून दुसऱ्यावर गेले, की चेकिंगच्या टेबलावर पसरलेल्या टॉवेलवर आडवा पट्टा दिसतो आणि तो टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात जातो.

आता दीडशेच्या ठरावीक नगाची योजना या नजरेने पाहा. चौथ्या आठवड्याच्या दीडशे किलोंपैकी पन्नास पहिल्या खेपेतून उरलेले आणि शंभर दुसऱ्या खेपेचे. सातव्या आठवड्यातही तीस जुने आणि ऐंशी नवे. म्हणजे दोनदा मिसळ झाली. जुना_नियोजक यांच्या योजनेत प्रत्येक आठवड्याची गरज एकाच खेपेतून भागते, आणि माझ्या मते तिचा मोठा फायदा वाचलेल्या ७२० रुपयांपेक्षा हा आहे. लॉट फॉर लॉटमध्येही आठवड्याच्या आत मिसळ होत नाही, पण गिऱ्हाईकाची ऑर्डर दोन आठवड्यांवर पसरली असेल तर एकाच गाठोड्यात दोन शेड जातात.

धागाकर्ती

मोजणी आता समजली. परंतु ठरावीक नगाच्या योजनेत आठव्या आठवड्याअखेर माझी शिल्लक बरोबर शून्य आली होती, म्हणून मला ती नीटस वाटली. तो योगायोग समजावा का?

जुना_नियोजक

निव्वळ योगायोग. ४५० ला दीडशेने पूर्ण भाग जातो एवढेच त्याचे कारण. एक छोटा प्रयोग करा. आठव्या आठवड्याची गरज ७० ऐवजी ७५ करा. ठरावीक नगात त्या पाच किलोंसाठी दीडशेची चौथी खेप लागते, १४५ किलो शिल्लक पडते आणि खर्च २,९७० वरून एकदम ४,००५ वर जातो. ठरावीक मुदतीत सातव्या आठवड्याची खेप १८० ची १८५ होते आणि खर्च फक्त १५ रुपयांनी वाढतो. लॉट फॉर लॉटचा खर्च बदलतही नाही, आणि याचे श्रेय अक्कलकोट रोडच्या साहेबांना द्यायला हवे. अर्थात १४५ किलोंची ती शिल्लक नवव्या आठवड्यात वापरात येईलही. आठ आठवड्यांवर रेघ ओढली म्हणून ती सगळी तोट्यात दिसते.

चीज_डाइंग

नियोजक साहेबांच्या योजनेची बाजू मीच वर घेतली, पण तिला एक मोठी अडचण आहे. आमच्या यंत्रात एका वेळी दीडशे किलोच बसतात. १७० आणि १८० किलो त्यात घालणार कसे? पुष्कळ ठिकाणी ठरावीक नग हा नियम म्हणून निवडलेला नसतो, तो यंत्राच्या भांड्याने ठरवून दिलेला असतो. यंत्र अर्धे भरले तरी प्रश्न सुटत नाही, कारण सुताच्या प्रमाणात पाणी जास्त होते, कृती बदलावी लागते आणि रिकाम्या जागी डमी चीज लावाव्या लागतात.

जुना_नियोजक

मान्य. यंत्राची मर्यादा सरावात दिलेली नाही, पण दीडशे धरली तर निकाल उलटतो. १७० चे १५० आणि २० करावे लागतील, १८० चे ११० आणि ७०. खेपा पाच होतात आणि खर्च ३,१८० रुपये. मग ताईंचे २,९७० खरोखरच स्वस्त ठरतात. सरांच्या प्रश्नचिन्हाखाली ही अट लिहून उत्तर द्यावे, असे सुचवतो.

धागाकर्ती

दीडशेची मर्यादा धरून रात्री हाताने मांडून पाहिले. पहिल्या आठवड्यात १००, चौथ्यात १५०, पाचव्यात ५० आणि सातव्यात १५० अशा चार खेपा केल्या, तर सेटअपचे २,४०० आणि साठवणुकीचे ५७० मिळून पुन्हा २,९७० च येतात. तिन्हींपैकी कोणताच नियम ही योजना देत नाही, आणि शेडची मिसळ मात्र सातव्या आठवड्यात एकदाच होते.

चीज_डाइंग

पाचव्या आठवड्यातले ५० किलो दीडशेच्या यंत्रात मी घेणार नाही. त्यासाठी छोटे यंत्र लागेल, आणि त्याचा सेटअप ६०० असेलच असे नाही.

माग_अक्कलकोट_रोड

म्हणजे शेवटी सेटअपच्या आकड्यापाशीच आलात.