मदत हवी आहे: कच्चं चिकन नळाखाली धुवायचं की नाही?

कोवळं_ऊन

आमच्याकडे चिकन आणलं की ते सिंकमध्ये चाळणीत ठेवून नळ पूर्ण सोडून धुवायचं, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा, हे मी सासूबाईंकडून शिकले आणि गेली कित्येक वर्षं तसंच करतेय. आता नणंदबाईंनी कुठेतरी वाचलं की धुतल्याने उलट जंतू पसरतात, तर घरात रोज यावरून वाद. रविवारी मी नेहमीसारखं चिकन धुतलं, शेजारी घासलेली भांडी निथळत होती, मग तिथेच काकडी-टोमॅटो चिरले. त्याच रात्री मुलाला जुलाब आणि ताप. दोन दिवसांत बरा झाला, पण माझ्या मनात तेच घोळतंय की हे माझ्यामुळे झालं का. धुतल्याने काहीच फायदा नाही का खरंच? रक्त, चिकटपणा तसाच भांड्यात टाकायचा ही कल्पनाच सहन होत नाही.

खमंग_फोडणी

ताई उगाच टेन्शन घेताय, धुवा नाहीतर नका धुवू, शिजल्यावर सगळे जंतू मरतातच, मग शिंतोडे उडाले काय आणि नाही उडाले काय. मी तर मीठ आणि व्हिनेगर चोळून दहा मिनिटं ठेवतो आणि मग धुतो, त्याने जंतूही जातात आणि वासही.

सूक्ष्मदर्शी

खाद्यपदार्थांच्या तपासणीचं काम बरीच वर्षं केलंय म्हणून सविस्तर लिहितो.

फोडणी, शिजवल्यावर जंतू मरतात हे बरोबर आहे, चिकनच्या सगळ्यात जाड भागात आत ७४ अंश सेल्सियस झालं की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही संपतात. पण मरतात ते कढईतले. नळाखालून उडून शेजारच्या ग्लासवर बसलेले कोण शिजवणार? तो ग्लास तर मूल तसाच उचलून पाणी पितं. व्हिनेगरने वरवरचे थोडे कमी होतात, पण चिकनच्या कातडीला सुरकुत्या असतात, पिसांची भोकं असतात, जंतू त्यात बसलेले असतात, तिथपर्यंत दहा मिनिटांत पुरेसं काही पोचत नाही. आणि तेच चिकन पुन्हा नळाखाली धरलंत की शिंतोडे आहेतच.

धार मऊ मांसावर पडते तेव्हा तिथे खळगा होतो आणि पाणी त्यातून बाहेर फेकलं जातं. नळ जितका उंच आणि जोरात तितकं जास्त. थेंब सगळ्या बाजूंना अर्ध्या मीटरच्याही पुढे जातात, आणि त्यातले बरेचसे इतके बारीक असतात की ओटा कोरडा आहे असंच वाटतं.

आता मुलाचं. जेवल्यावर त्याच रात्री त्रास झाला असेल तर कॅम्पिलोबॅक्टरची शक्यता कमी वाटते, त्याला सहसा दोन ते पाच दिवस लागतात. साल्मोनेला काही तासांत दिसू शकतो, किंवा आदल्या आठवड्यातलं काही असेल, किंवा साधा व्हायरस. शौचाची तपासणी झाली नसेल तर आता नक्की सांगता येणार नाही, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

रेवा_किनारा

माझं वेगळंच आहे, मी फ्रीजरमधलं चिकन नळाच्या पाण्याखाली धरून वितळवते, ते चालतं का? आणि मागच्या महिन्यात पाकीट उघडलं तर आंबूस वास आला, तीनदा धुतलं तेव्हा गेला, मग खाल्लं, काही झालं नाही.

सूक्ष्मदर्शी

रेवाताई, वितळवायला पाकीट पाणी आत जाणार नाही असं बंद करून गार पाण्याच्या भांड्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला, किंवा आदल्या रात्री फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवा. पण उघडं मांस धारेखाली नको. वासाबद्दल मात्र कडक सांगतो, वास धुतला म्हणजे चिकन ताजं होत नाही, फक्त तुमच्या नाकाला मिळालेली सूचना पुसली जाते. पाकीट उघडल्या उघडल्या थोडा कोंदट वास येतो तो दहा मिनिटांत विरतो. आंबूस राहिला तर टाका.

उंबरठा

आमच्या घरी तीन पिढ्या धुतायत आणि कोणाला काही झालं नाही. आणि समजा धुणं बंद केलं की काम झालं, असं असेल तर इतके नियम कशाला?

सूक्ष्मदर्शी

चांगला प्रश्न आहे, कारण नुसतं धुणं बंद करून काम होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठासोबत केलेला एक अभ्यास जाहीर केला. लोकांना स्वयंपाकघरात चिकन शिजवायला आणि सोबत सॅलड करायला सांगितलं, आणि चिकनवर आधीच एक निरुपद्रवी जंतू लावून ठेवला होता, म्हणजे नंतर तो कुठे कुठे पोचला ते शोधता येईल. ज्यांनी धुतलं त्यांच्यातल्या ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो सापडला, आणि सिंक साफ केल्यावरही १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये उरलाच होता. धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये गेला. पण न धुणाऱ्यांच्याही सॅलडमध्ये गेला, ३१ टक्क्यांच्या! कारण हात. चिकन हाताळून हात नीट न धुता पुढचं काम सुरू.

म्हणून मी क्रम बदलायला सांगतो. काकडी-टोमॅटो आधी चिरा, झाकून लांब ठेवा, भांडी ओट्यावरून उचला. मग चिकन पाकिटातून थेट पातेल्यात. रक्त नको वाटतं तर टिश्यू पेपरने टिपा आणि तो कागद लगेच कचऱ्यात. हात साबणाने २० सेकंद. शेवटी सिंक आणि नळाची मूठसुद्धा, कारण मूठ आपण त्याच हाताने सोडलेली असते. आधी साबणाने घासायचं, मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं साधं ब्लीच घालून पुसायचं आणि वाळू द्यायचं. उलट क्रमाने केलंत तर चरबी-रक्तावरच ब्लीच खर्च होतं. कॅम्पिलोबॅक्टर कोरड्या जागेवर फार तग धरत नाही, ओल्या घासणीत मात्र टिकतो.

कोवळं_ऊन

दादा, मी काल एक करून पाहिलं. चिकनऐवजी मऊ स्पंजला लाल खायचा रंग लावला, सिंकभोवती पांढरे कागद पसरले आणि रोज सोडते तेवढा नळ सोडला. भांड्यांच्या जाळीखालच्या कागदावर बारीक बारीक ठिपके, माझ्या ओढणीवर दोन, आणि मुलाचा ग्लास जिथे असतो तिथेसुद्धा. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण बराच वेळ कागद बघत होत्या. आता त्यांचं म्हणणं एवढंच की हाडांचा चुरा आणि पिसांचे खुंट कागदाने निघत नाहीत, त्यासाठी तरी पाणी हवं.

सूक्ष्मदर्शी

त्यांचं म्हणणं बरोबर आहे, चुरा खरंच निघत नाही. पाणी लागणारच असेल तर मोठ्या पातेल्यात आधी पाणी भरा, नळ बंद करा, मग त्यात चिकन हळूच सोडून हाताने चुरा काढा. पाणी सिंकच्या भोकाशी अगदी जवळ धरून संथ ओता. शिंतोडे खूप कमी होतात, पण सिंक आणि पातेलं मात्र वरच्यासारखंच साफ करावं लागेल. खुंट चिमट्याने कोरडेच निघतात.

खमंग_फोडणी

व्हिनेगरचं पटलं नाही अजून, वास तर जातोच ना. पण ग्लासचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. भांडी आजपासून दुसरीकडे निथळत ठेवतो.

उंबरठा

पातेल्यातल्या पाण्यात हात घालून चुरा काढायचा, मग हातमोजे घातले तर हात धुवायची गरज उरते का?